न सांगता रिन्यू झालेली बाबांची एफडी (आणि आता दोघांच्या सह्या!)

शेवंती | २१ ऑगस्ट २०२५, रात्री ९.४०

मंडळी, जरा घाईत लिहितेय. उद्या शुक्रवार आहे, परवा चौथा शनिवार म्हणजे बँक बंद, त्यामुळे काय करायचं ते उद्याच ठरवायला हवं.

आई-बाबा कराडला असतात. बाबांनी १४ मे २०२० ला, लॉकडाऊनमध्ये तोंडाला रुमाल बांधून रांगेत उभं राहून, एका बँकेत चार लाखांची एफडी केली होती. पाच वर्षांची, ज्येष्ठ नागरिक म्हणून ६.२ टक्के, व्याज ठेवीतच जमा होणारी. पहिलं नाव बाबांचं, दुसरं आईचं, 'आयदर ऑर सर्वायव्हर'. ती यंदा १४ मे ला पिकली आणि आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. बाबांना पार्किन्सन्स आहे, घरचे कागद आता आई बघते, आणि आईच्या हिशेबात "पावती कपाटात आहे" म्हणजे पैसे सुरक्षित.

जुलैत बाबांचं रिटर्न भरताना एआयएसमध्ये या ठेवीचं व्याज दिसलं, तेव्हा मी पावती शोधून काढली. तारीख उलटून गेलेली. या महिन्यात बाबा न्हाणीघरात पडले, खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि आता पैसे लागणार आहेत. आई बँकेत गेली तर कळलं की ठेव १४ मे ला आपोआप पुन्हा पाच वर्षांसाठी रिन्यू झालीय, ५,४४,०७५ रुपयांची, सात टक्क्यांनी. मोडायची तर दंड लागेल आणि दोघांच्या सह्या लागतील.

बाबांची सही आता सही राहिलेली नाही. पेन कागदावर टेकलं की नुसती थरथरती रेघ उमटते.

माझे प्रश्न: १) आम्ही काही सांगितलंच नव्हतं, मग बँक परस्पर पाच वर्षं कशी वाढवू शकते? २) मोडली तर मागच्या पाच वर्षांचं व्याजही कापतील का? आईला हीच धास्ती आहे. ३) 'आयदर'चा अर्थ दोघांपैकी कुणीही असाच ना? मग दोन सह्या कशाला?

---

टोमणेबहाद्दर | २१ ऑगस्ट, ९.५२

बँकेला तुमची आठवण दोनदाच येते. क्रेडिट कार्ड विकायचं असेल तेव्हा आणि केवायसी संपल्यावर. एफडी पिकली हे कशाला सांगतील?

बाबांना आराम पडो, शेवंतीताई.

---

सर्क्युलर | २१ ऑगस्ट, १०.०५

हे सरळ बेकायदा आहे. रिझर्व्ह बँकेचं २ जुलै २०२१ चं परिपत्रक वाचा. मुदत संपल्यावर ठेव कुणी नेली नाही, तर त्या पैशांवर बचत खात्याचा दर किंवा ठेवीचा मूळ दर, यांतला जो कमी असेल तो मिळतो. म्हणजे ग्राहक गप्प बसला तर पैसे तसेच पडून राहायला हवेत. बँकेने परस्पर पाच वर्षांचा करार करायचा संबंधच नाही. उद्या शाखेत परिपत्रकाची प्रत आपटा आणि रिन्यूअल रद्द करायला सांगा.

---

टपालहंशील | २१ ऑगस्ट, १०.११

पोस्टातल्या टीडीला पण हे लागू आहे का? माझी दोन वर्षांची आहे, डिसेंबरात संपतेय. आणि आरडीचं काय होतं?

---

लेजरबुवा | २१ ऑगस्ट, १०.४८

शेवंतीताई, छत्तीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी ठेवींच्या काउंटरवर. क्रमाने सांगतो, उद्या उपयोगी पडेल.

सर्क्युलर यांनी परिपत्रक बरोबर सांगितलंय, पण ते लागू होतं रिन्यू न झालेल्या ठेवीला. तुमची ठेव पडून राहिलेली नाही, ती रिन्यू झालीय. का झाली? एफडीच्या अर्जात खाली एक रकाना असतो, मुदत संपल्यावर काय करायचं त्याचा. मुद्दल आणि व्याज दोन्ही पुन्हा ठेवा, किंवा मुद्दल ठेवून व्याज खात्यात द्या, किंवा सगळंच खात्यात जमा करा. दहातले आठ लोक तो रकाना कोरा सोडतात. मग काउंटरवरचा माणूस खूण करतो, नाहीतर सिस्टीम स्वतःच पहिला पर्याय धरते. शिवाय कोरा रकाना म्हणजे त्याच मुदतीसाठी रिन्यूअल, असं बऱ्याच बँकांनी आपल्या ठेव धोरणात लिहून ठेवलेलं असतं आणि अर्जावर सही करताना ते धोरण मान्य असल्याचं तुम्ही लिहून दिलेलं असतं. ऑनलाइन एफडीतही हाच पर्याय आधीच निवडलेला असतो, आपण फक्त खाली बोट दाबतो.

म्हणून 'काही सांगितलं नव्हतं' याचे दोन वेगळे अर्थ होतात. ठेवीवर ऑटो रिन्यूअल असेल तर गप्प बसणं म्हणजे होकार. नसेल तर पैसे पडून राहतात आणि त्यांना बचत खात्याच्या दराने, म्हणजे हल्ली अडीच-तीन टक्क्यांनी व्याज सुटतं. तुमच्या ठेवीचं कुठलं, हे पावतीवर छापलेलं असतं. मागच्या बाजूला किंवा खालच्या ओळीत बारीक अक्षरांत 'मॅच्युरिटी इन्स्ट्रक्शन' अशी ओळ शोधा.

आईंना सांगा, जुन्या पाच वर्षांच्या व्याजाला कुणी हात लावू शकत नाही. ती मुदत पूर्ण झाली, चार लाखांचे ५,४४,०७५ झाले, तो हिशेब बंद. आता जे काही कापलं जाईल ते १४ मे नंतरच्या दिवसांच्या व्याजातून.

---

शेवंती | २१ ऑगस्ट, ११.०२

बुवा, पावतीचा फोटो आईकडून मागवला. खाली इंग्रजीत आहे, `AUTO RENEWAL - PRINCIPAL + INTEREST`. हे बाबांनी सांगितलं म्हणून छापलं की काउंटरवरच्याने आपणच, ते आता कळायला मार्ग नाही.

आईला फोन करून व्याजाचं सांगितलं. "मग झोपते आता" म्हणाली.

पण मोडली तर नेमकं किती जाणार?

---

लेजरबुवा | २१ ऑगस्ट, ११.३०

कागद-पेन घेऊनच बसलोय. उद्या मोडली तर १४ मे पासून बरोबर १०० दिवस होतात.

सात टक्के दर होता पाच वर्षं ठेवायच्या बोलीवर. शंभर दिवसांत मोडलीत तर बँक म्हणते, ठीक आहे, १४ मे ला शंभर दिवसांच्या ठेवीला आमचा जो दर होता तो घ्या आणि त्यातून दंड वजा करा. १४ मे चा दरतक्ता शाखेत मागा. समजा त्या मुदतीला ज्येष्ठांसाठी सहा टक्के होते आणि दंड एक टक्का, तर हाती पाच टक्के. ५,४४,०७५ वर १०० दिवसांचे ७,४५३ रुपये. सात टक्क्यांनी १०,४३४ झाले असते. म्हणजे फरक तीन हजारांच्या आसपास.

आता उलटा विचार करा. ठेव रिन्यू न होता पडून राहिली असती तर परिपत्रकाप्रमाणे, अडीच टक्के धरून, ३,७२७ रुपये मिळाले असते. म्हणजे रिन्यू होऊन दंड भरून मोडलेली ठेवसुद्धा, विसरून पडलेल्या ठेवीपेक्षा जवळपास दुप्पट देते. सर्क्युलरसाहेब, रिन्यूअल रद्द करून घेतलं तर ताईंचंच नुकसान होईल.

दंडाबाबत एक बारकावा. काही बँकांत पाच लाखांपर्यंत अर्धा टक्का आणि त्यावर एक टक्का दंड असतो. तुमची मूळ ठेव चार लाखांची होती, पण व्याज मिळून ती पाच लाखांच्या वर गेली. रिन्यू झालेली ठेव नवी धरतात, त्यामुळे एक टक्का लागायची शक्यता आहे.

रिन्यू झाल्यावर सात दिवसांच्या आत मोडली तर मात्र त्या दिवसांचं व्याज शून्य, कारण मुदत ठेवीची किमान मुदतच सात दिवसांची. काही बँका पहिल्या काही दिवसांत 'चुकून रिन्यू झाली, मागे घ्या' असं ऐकून घेतात. तो त्यांच्या धोरणाचा भाग, आणि शंभर दिवसांनी ती खिडकी कुठेच उघडी नसते.

---

सर्क्युलर | २१ ऑगस्ट, ११.४१

आकड्यांचं मान्य. पण मुदत संपत आल्याचं ग्राहकाला आधी कळवणं बँकेचं काम आहे, हेही रिझर्व्ह बँकेनेच सांगितलंय. ते केलं नाही तर सेवेतली त्रुटी होतेच ना? दंड तरी माफ व्हायला हवा.

---

लेजरबुवा | २१ ऑगस्ट, ११.५५

हा मुद्दा बिनतोड आहे. आगाऊ सूचना द्यायचीच असते. फक्त बँक म्हणणार एसएमएस पाठवला होता. कुठल्या नंबरवर, ते विचारा.

---

शेवंती | २२ ऑगस्ट, सकाळी ७.१५

बाबांचा जुना नंबर. २०२२ मध्ये बंद केलेला. 🤦

---

गोंयकार | २२ ऑगस्ट, ७.४०

आमच्या घरातली गोष्ट सांगतो, थोडी वेगळी आहे. म्हापशाला आईच्या आणि माझ्या नावावर एफडी होती. आई साठीची व्हायच्या आधी केलेली, म्हणून साधा दर. मधेच आईला साठ पूर्ण झाली. ठेव दोनदा आपोआप रिन्यू झाली आणि दोन्ही वेळा साध्याच दराने! कारण पहिलं नाव माझं होतं आणि मी चाळिशीचा. ज्येष्ठांचा वाढीव दर पहिल्या नावावर ठरतो, हे आम्हाला तिसऱ्या वेळी काउंटरवर कळलं. चार वर्षं अर्धा टक्का पाण्यात गेला. ठेव मुदत संपल्यावर स्वतः जाऊन नव्याने केली असती तर नावांचा क्रम बदलता आला असता. आपोआप रिन्यू होताना नावं, क्रम, मुदत, सगळं जसंच्या तसं पुढे सरकतं. बदलतो फक्त दर, आणि तो त्या दिवशीचा.

---

मस्कतवाला | २२ ऑगस्ट, ८.०५

गोंयकार, माझं उलट झालं. ४४४ दिवसांची स्पेशल स्कीम होती, सव्वासात टक्के. रिन्यू झाली तर मी समजत होतो की तेच सव्वासात पुढे चालू. यंदा फेब्रुवारीपासून रेपो उतरतोय, साडेसहाचा जूनमध्ये साडेपाच झाला, बँकांनी दर पाडले. माझी जूनच्या शेवटी रिन्यू झाली आणि मिळाले साडेसहाच्या जवळपास. दर लॉक होतो तो त्या एका मुदतीपुरताच. हे सगळ्यांना माहीत असतं म्हणे, मला नव्हतं.

---

टपालहंशील | २२ ऑगस्ट, ८.१२

माझ्या पोस्टाच्या प्रश्नाकडे कुणी बघेल का?

---

लेजरबुवा | २२ ऑगस्ट, ८.३५

टपालहंशील, पोस्टाचा मी जाणकार नाही. पण पोस्टाचं खातं बँकेच्या चष्म्यातून बघू नका, त्यांचे नियम वेगळे आहेत. तिथे मुदत वाढवायची असेल तर तसं लिहून द्या, आणि डिसेंबरात स्वतः जाऊन पासबुकावर काय पडलंय ते बघा. आरडीला हप्ते असतात, तिचा विषय इथे नको.

शेवंतीताई, तुमचा तिसरा प्रश्न काल राहिला. खरी अडचण तिथेच आहे. तीन हजार रुपयांवर रात्री डोकं घालवलं, पण तुमचे पैसे अडलेत ते सहीपायी.

'आयदर ऑर सर्वायव्हर' म्हणजे मुदत संपल्यावर दोघांपैकी कुणीही एकाने सही करून पैसे घ्यावेत. मुदतीआधी मोडायची असेल तर दोघांची सही बँक मागू शकते, आणि मागतेच. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांतही असंच आहे. एकाने दुसऱ्याच्या पाठीमागे ठेव मोडू नये म्हणून. नवरा-बायकोच्या भांडणांत काउंटरवर काय काय पाहिलंय ते इथे लिहीत नाही.

आता तुमच्या बाबतीत बघा. १४ मे ला आई एकट्या गेल्या असत्या तर त्यांच्या एका सहीवर सगळे पैसे मिळाले असते. १५ मे पासून तीच ठेव 'मुदतीआधीची' झाली, थेट मे २०३० पर्यंत. आपोआप रिन्यू होण्याची खरी किंमत ही. व्याजात फारसं जात नाही, पण एका सहीचं काम दोन सह्यांचं होतं. एक जण अंथरुणाला खिळला की हे जाणवतं.

एफडीवर कर्ज काढायचा विचार असेल तर तिथेही दोघांच्या सह्या लागतील, त्यामुळे ती पळवाट नाही.

---

गवतीचहा | २२ ऑगस्ट, ८.५०

आईनेच बाबांची सही करून टाकावी ना. कोण बघतं? आमच्याकडे वर्षानुवर्षं चालतं.

---

लेजरबुवा | २२ ऑगस्ट, ८.५८

अजिबात करू नका. नमुना सही जुळली नाही तर आज परत पाठवतील. जुळली आणि पुढे वारसांत तंटा झाला तर तोच कागद पोलिसांत जाईल. आणि गरजही नाही.

आजारी, वृद्ध, सही करू न शकणाऱ्या खातेदारांसाठी सोय आहे. अंगठ्याचा ठसा चालतो. हाताचा शक्य नसेल तर पायाचाही. ठसा बँकेला ओळखीच्या दोन स्वतंत्र साक्षीदारांसमोर घ्यायचा, त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी हवा. बाबा येऊ शकत नसतील तर अधिकाऱ्याने घरी यावं. सत्तरीवरच्या आणि आजारी ग्राहकांना घरी सेवा द्यायच्या सूचना बँकांना आहेत.

आज शाखेत जा, तोंडी बोलू नका, एक पानी अर्ज द्या. बाबांचं नाव, ठेवीचा क्रमांक, पार्किन्सन्स आणि ऑपरेशनमुळे सही करता येत नाही, घरी अधिकारी पाठवून अंगठा घ्यावा आणि ठेव मुदतीआधी बंद करून पैसे बचत खात्यात जमा करावेत. सोबत डॉक्टरांचं पत्र जोडा, बाबा शुद्धीवर आणि समजत्या अवस्थेत आहेत असं त्यात लिहिलेलं असावं. याची फार मदत होते, कारण अंगठा घेताना अधिकाऱ्याची खरी भीती तीच असते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का नसलेला अर्ज हरवतो, हा माझा छत्तीस वर्षांचा अनुभव.

अर्ध्या तासात नकार मिळाला तर शाखाधिकाऱ्यांना भेटा. नकार लेखी मागा. लेखी म्हटलं की सूर बदलतो.

---

टोमणेबहाद्दर | २२ ऑगस्ट, ९.०६

बुवा, सूर बदलतो हे तुम्ही काउंटरच्या आतल्या बाजूने शिकलात की बाहेरच्या?

---

लेजरबुवा | २२ ऑगस्ट, ९.१०

दोन्हीकडून. निवृत्तीनंतर जास्त.

---

जुनंपासबुक | २२ ऑगस्ट, दुपारी १.२०

सर्क्युलर यांनी सांगितलेला 'पडून राहणं' हा प्रकार आमच्याकडे झालाय, म्हणून लिहिते. आजीची पन्नास हजारांची पावती होती, २०११ ला पिकलेली, ऑटो रिन्यूअल नसलेली. आजी २०१३ ला गेली. पावती देवघरातल्या पोथीत सापडली, गेल्या वर्षी. दहा वर्षं कुणी न विचारलेले पैसे बँक रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण निधीत पाठवते, तसे ते गेले होते. बुडाले नाहीत. दावा मूळ बँकेतच करायचा, बँक आपल्याला देते आणि निधीकडून परत घेते. `udgam.rbi.org.in` वर आजीच्या नावाने शोधल्यावर बँकेचं नाव दिसलं, म्हणून आम्हाला शाखा सापडली.

पण व्याज इतकं तुटपुंजं की काका म्हणाले, तेव्हाच सोनं घेतलं असतं तर. काका प्रत्येक गोष्टीवर हेच म्हणतात.

---

गोंयकार | २२ ऑगस्ट, १.३४

गावोगावच्या पतसंस्थांचं काय? तिथे कुणी फोन करून विचारतं, पुढे चालू ठेवू का म्हणून.

---

लेजरबुवा | २२ ऑगस्ट, २.००

पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. रिझर्व्ह बँकेचं ते परिपत्रक तिला लागू नाही, तिचे पोटनियम बघायचे. आणि तिथल्या ठेवीला पाच लाखांचा विमाही नाही. सहकारी बँकेला दोन्ही आहेत.

विम्याचा विषय निघालाच आहे तर, पाच लाखांच्या मर्यादेत मुद्दल आणि व्याज दोन्ही धरतात आणि एका बँकेतल्या त्याच नावांच्या सगळ्या ठेवी एकत्र मोजतात. चार लाखांनी सुरू केलेली ठेव व्याजासकट रिन्यू होत राहिली की एक दिवस मर्यादा ओलांडते. त्या दिवशी कुणी फटाके वाजवत नाही.

---

शेवंती | २ सप्टेंबर २०२५, रात्री १०.२०

गणपतीच्या गडबडीत लिहायचं राहिलं. घडलं ते सांगते.

शुक्रवारी आई आणि मामा अर्ज घेऊन शाखेत गेले. काउंटरवर आधी "असं होत नाही" ऐकायला मिळालं. मामाने लेखी द्या म्हटलं. मग आत बोलावलं, चहा दिला. (बुवा, तुमचं नाव घ्यायचं राहून गेलं.) सोमवारी, २५ तारखेला, एक तरुण अधिकारी बाई घरी आल्या. दुसरे साक्षीदार शेजारचे निवृत्त मास्तर, त्यांचं त्याच शाखेत खातं आहे. बाईंनी बाबांना विचारलं, "काका, ठेव मोडायची आहे ना? कुठल्या कामासाठी?" बाबा म्हणाले, "हाडासाठी." एवढं बोलायला त्यांना बराच वेळ लागला, पण त्या थांबल्या. मग शाईचा पॅड काढला. बाबांचा अंगठा थरथरत होता, पहिला ठसा फरकटला, दुसरा नीट उठला. आईने आपली सही केली. पुसायला आणलेल्या फडक्यावर शाई पडली ती अजून निघत नाहीये.

त्याच संध्याकाळी खात्यात ५,५१,७५२ रुपये जमा. म्हणजे १०३ दिवसांचे ७,६७७, तुमच्या पाच टक्क्यांच्या हिशेबाप्रमाणेच. दंड एक टक्का लावला. मी विचारलं की मूळ ठेव चार लाखांची होती, अर्धा टक्का का नाही? बाई म्हणाल्या, रिन्यू झाली तेव्हाची रक्कम बघतात.

---

सर्क्युलर | २ सप्टेंबर, १०.४१

बाबांना घरी सेवा मिळाली हे उत्तम. दंडाबद्दल मी अजून पटवून घेतलेलं नाही. बंद नंबरवर एसएमएस पाठवणं म्हणजे कळवणं नव्हे. पत्ता तर तोच होता ना, पत्र टाकायचं. आधी बँकेकडे तक्रार करा, तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर `cms.rbi.org.in` वर लोकपालाकडे जा. फुकट आहे.

---

लेजरबुवा | २ सप्टेंबर, ११.०५

अर्धा टक्का म्हणजे १०३ दिवसांचे साधारण ७६८ रुपये. नंबर बदलल्याचं बँकेला कळवणं खातेदाराचं काम, हे बँक म्हणणारच. लोकपाल काय म्हणेल ते मी छातीठोक सांगणार नाही. तक्रार केलीत तर इथे जरूर कळवा, मलाही उत्सुकता आहे.

आता उरलेल्या पैशांचं काय करताय?

---

शेवंती | ३ सप्टेंबर, सकाळी ६.५०

हॉस्पिटलचे अडीच लाख गेले. तीन लाख पुन्हा ठेवायचे आहेत, पण आई म्हणते, आता एकच मोठी नको. दीड-दीडच्या दोन करू, एक वर्षाची आणि दोन वर्षांची. अर्जात मुदत संपल्यावर पैसे खात्यात जमा करा असं लिहायचं ठरलंय, म्हणजे आईची एक सही पुरेल. बचतीच्या दरात थोडे दिवस पडून राहिले तरी चालतील.

पण बाबांना काही झालं तर मधेच मोडता येईल का, हे आईला जाणून घ्यायचं होतं आणि माझ्याकडून बँकेत विचारवेना. म्हणून इथे विचारते.

---

लेजरबुवा | ३ सप्टेंबर, ७.३०

आईंनी योग्य विचारलं. नुसतं 'आयदर ऑर सर्वायव्हर' लिहिलं आणि एक जण गेला, तर मुदतीपर्यंत थांबलात तर मागे राहिलेल्याला पैसे मिळतात. मुदतीआधी हवे असतील तर गेलेल्याच्या सगळ्या वारसांची संमती मागतात, म्हणजे तुम्ही, भाऊ, सगळे. ते टाळायला अर्जातच एक वेगळं कलम असतं, की एकाच्या मृत्यूनंतर दुसऱ्याला मुदतीआधी मोडायची मुभा आहे. त्यावर दोघांनी खूण आणि सही करायची. हे ठेव करताना देता येतं आणि नंतरही देता येतं. मग वारसांना गोळा करावं लागत नाही, आणि अशा वेळी दंडही लावत नाहीत. काही बँकांच्या अर्जात ते छापलेलं असतं, काहींत मागून घ्यावं लागतं.

बाबांचा अंगठा घ्यायला त्या बाई पुन्हा येतील का ते बघा. येणार असतील तर दोन्ही ठेवींचे अर्ज आणि हे कलम एकाच फेरीत उरकून घ्या. आणि मोबाईल नंबर बदलायचा अर्जही.

---

शेवंती | ३ सप्टेंबर, ७.४४

नंबर बदलायचा अर्ज आईने कालच दिला. तिचाच घातलाय. शिक्का घेतलाय.

---

टपालहंशील | ३ सप्टेंबर, ८.०२

मी काल पोस्टात जाऊन आले. ते म्हणाले, डिसेंबरात या.